साळूबाईंनी आखलेली मुदत

कसब्यातल्या साळूबाई सुईण पेशवाईच्या काळात तांबट आळीतली बाळंतपणं करायच्या. एकदा यमाजी तांबटाच्या सुनेला, श्यामलेला, आठव्या महिन्यातच पाणी जाऊ लागलं. कळा मात्र नव्हत्या.

"लघवी असेल," सासू म्हणाली.

साळूबाईंनी अंगाखाली फडक्याची कोरडी घडी ठेवून श्यामलेला खोकायला लावलं. घडी लगेच भिजली. पाणी स्वच्छ होतं आणि त्याला लघवीचा वास नव्हता.

"पाणमोट फुटलीय, मुलाभोवतीची पिशवी. पण मूल कच्चं आहे, म्हणून ताप नाही तोवर थांबू. तिला निजवून ठेवा. आत हात कोणी घालायचा नाही, हाताबरोबर ताप शिरतो."

तिसऱ्या सकाळी त्या आल्या तेव्हा श्यामलेचं अंग फणफणलं होतं. पोट दाबताच ती किंचाळली. घडीला कुजका वास येत होता.

"हात कोणी घातला?"

"मीच," सासू म्हणाली. "रोज बघत होते, वाट उघडली का ते."

इतक्या वर्षांत साळूबाईंचं सांगणं असं कोणी मोडलं नव्हतं.

"आता थांबलो तर दोघंही जातील," त्या म्हणाल्या. त्यांनी गरम दुधातून एरंडेल पाजलं. दुपारी कळा लागल्या, दिवेलागणीला मुलगी झाली. मूठभर जीव, पण रडली.

श्यामला मात्र तापातून उठली नाही. पाचव्या दिवशी ती गेली. सासू दारात नुसती बसून होती, स्वतःच्या हातांकडे बघत.