चेन रूल दोनदा कधी?

हजेरीपटात पाकीट सापडलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, प्रथम वर्षाच्या मुलांच्या हातचा मोबाइल सुटत नाही, आणि कुणीतरी मला पाकिटात घालून पत्र लिहितं? इतकी वर्षं गणित शिकवून मी एक गोष्ट शिकलो होतो, अति नम्र विद्यार्थ्यापासून जपून राहावं. परीक्षेत मी पट्टीची मागची बाजूसुद्धा पाहतो.

पत्र संध्याकाळी घरी परतताना पूर्ण्याच्या रेल्वेगाडीत उघडलं. ‘आदरणीय सर, डेरिव्हेटिव्ह काढताना चेन रूल दोनदा कधी लावावा लागतो, हे कृपया सांगावे. उदाहरणार्थ, साइन स्क्वेअर थ्री एक्स.’ खाली नाव, रोल नंबर. ताडकळसहून एसटीने येणारी, तिसऱ्या बाकावरची मुलगी. वर्गात तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

येत्या सोमवारी चाचणी होती आणि तिसरा प्रश्न नेमका हाच होता. तोच आकडा, तोच स्क्वेअर. पेपर पाहिलेली माणसं दोनच, मी आणि तो टाइप करणारे ऑफिसमधले क्लार्क. गाडी पिंगळीला थांबली तोवर मी मनातल्या मनात क्लार्क आणि ती मुलगी, दोघांवरही गुन्हा दाखल करून मोकळा झालो होतो.

सकाळी आधी क्लार्कना गाठलं. ते म्हणाले, “सर, मला त्यातलं काय कळतंय? तुमी लिहून देता तसं टाइप करतो. कुणाला दाखवून मला काय भेटणाराय?” आणि त्यांनी तोंड स्क्रीनकडे वळवलं. माणूस नजर चुकवतो म्हणजे पाणी मुरतंय, असं मी ठरवून टाकलं. मग प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला, पेपर फुटल्याचा संशय आहे, सदर विद्यार्थिनीस चाचणीला बसू देऊ नये. चाचणी बुडाली की तिचे अंतर्गत गुण गेले, हे मला माहीत होतं. तरी सही केली. अर्ज खिशात ठेवून तिला विभागात बोलावलं.

“हे उदाहरण तुला कुणी दिलं?”

“तुमीच दिल्तं, सर.”

तिने वही उघडली. पंधरवड्यापूर्वीचा माझा फळा तिने जसाच्या तसा उतरवला होता, आणि उत्तर होतं टू साइन थ्री एक्स कॉस थ्री एक्स. खाली तिने पेन्सिलीने तेच गणित दुसऱ्या वाटेने केलं होतं. साइन स्क्वेअर थ्री एक्स म्हणजे एक वजा कॉस सिक्स एक्स, भागिले दोन. त्याचा डेरिव्हेटिव्ह थ्री साइन सिक्स एक्स. माझं उत्तर सोपं केलं तर मात्र नुसतं साइन सिक्स एक्स येत होतं.

“दोन्हीकडून एकच यायला पायजे ना, सर? तीनपट फरक पडायलाय. मंग वाटलं, चेन रूल एकदा लावून आपण थांबलोव काय.”

बाहेर स्क्वेअर, त्याच्या आत साइन, त्याच्या आत थ्री एक्स. एकात एक अशा तीन गोष्टी, म्हणून चेन रूल दोनदा. साइन थ्री एक्सला एकदा पुरतो, नुसत्या साइन स्क्वेअर एक्सलाही एकदाच. इथे मी स्क्वेअर सोडवला, साइन सोडवला आणि थ्री एक्सचा तीन न गुणताच हात झटकले होते. पेपरातला प्रश्न मी त्याच तासाच्या माझ्या टिपणातून उचलला होता आणि विसरून गेलो होतो. बॅगेतल्या चाचणीच्या उत्तरसूचीतही तेच चुकीचं उत्तर होतं. तिने सोमवारी बरोबर लिहिलं असतं आणि मी त्यावर लाल फुली मारली असती, तीही खुशीत.

तरी विचारलंच, “मग तेव्हाच उठून सांगितलं का नाही?”

ती खाली बघत म्हणाली, “आमी सहाजणांनी बघितल्तं, सर. पण वाटलं, तुमी मुद्दाम चुकलाव. कोण मधी बोलतंय ते धरायला. मंग ठरलं, चूक म्हणायचंच न्हाई. नुसतं विचारायचं.”

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. ती गेल्यावर अर्ज फाडला, पेपरातला प्रश्न बदलला आणि नवा कागद घेऊन क्लार्ककडे गेलो. माफी मागितली. त्यांनी कागद घेतला आणि न बघता विचारलं, “ह्यो कुणाला दाखवायचा न्हाई ना?”

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेच गणित पुन्हा मांडलं. दोन खोडून सहा लिहिला. “मागच्या वेळी मी चुकलो होतो,” म्हणालो. “बरोबर उत्तर लिहून घ्या.”

एकही पेन हललं नाही. तिसऱ्या बाकावरचंसुद्धा. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता, यात आता आणखी काय आहे ते शोधत.