जोडव्याचं बोट

चपला घ्यायला नातीसंगं मी गेल्ते, कारण दुसऱ्या कोणाला येळ नव्हता. लग्न तोंडावर आल्तं. माझी सून, म्हंजे नवरीची माय, मानपानाच्या साड्यात गुतलेली. पोरगा मंडपवाल्याच्या मागं. मंग राह्यलं कोण, तर मी म्हातारी. मला म्हणले, जा अंबडला तिच्यासंगं, एकट्या नवरीनं बाजारात फिरू न्हाई.

दिवसभर शालू, बांगड्या, हे, ते. दुकानं हिंडून हिंडून माझे गुडघे बोलायला लागले. चपलाचं दुकान शेवटी ठिवलं, ते मातर बरं झालं. दुकानवाला म्हणला, "सकाळी पाय लहान राहातो, संध्याकाळी फुगतो. लग्नाची चप्पल संध्याकाळीच घ्यावी. आता माप बराबर येईल."

नातीला उंच टाचेचीच पाहिजे होती. म्हणली, "हिल दाखवा."

मी म्हणले, "बाई, सपाट घे. दिवसभर उभं राहायचंय तुला."

"आजी, तू बस गपचिप. तुला माहीत हाय मी का घ्यायले ते."

मला माहीत होतं. बघायला आल्ते तवा तिची होणारी सासू सैपाकघरात आल्ती पाणी प्यायला. हिच्याकडं खालून वरून बघितलं आन् म्हणली, "आमच्या घरची भांड्यांची मांडणी लई उंच हाय. हिचा हात पुरंल का?" झालं. पोरगी शिकलेली, जालन्याला हापिसात नोकरी करती, चार लोकाला उत्तर देती. पण ते एक वाक्य तिच्या कानात कुसळासारखं जाऊन बसलं. त्यात नवरदेव शेवग्याच्या शेंगंवाणी सरळसोट उंच. तिनं मनाशी धरलं की त्याच्या खांद्याला लागंल एवढं तरी दिसायचं. फोटोत आन् लोकात कोणी बुटकी म्हणू न्हाई.

दुकानवाल्यानं आधी बारीक टाचेची काढली, पेन्सिलीसारखी. मंग त्यानंच इचारलं, "लग्न कुठं हाय, ताई?"

"लॉनवर."

"मंग ही नका घेऊ. गवतात खिळ्यासारखी रुतती. नवरी चालती पुढं आन् चप्पल राहाती मागं." असं म्हणून हसला. मंग रुंद ठोकळ्याच्या टाचेची दाखवली. घोट्याला पट्टा, पुढून बंद, वर मोत्यांचं काम. चार बोटं उंच. म्हणला, "पट्टा पाहिजेच. नाचताना पाय बाहेर येत न्हाई."

तिला गादीवर न्हाई, फरशीवर चालायला लावलं. ती चालली, वळली, एका जागी उड्या मारून बघितल्या. मी टाच दाबून बघितली, पंजा दाबून बघितला. बोटं हालत होती. म्हणले, "घे मंग."

तिनं माझ्यासाठीबी एक जोड काढायला लावला. मी नगं नगं म्हणले तरी. सपाट, पुढून उघडी, मागं चिकटवायचा पट्टा, तळ मऊ. "माझ्या लग्नात तू अनवाणी फिरायची न्हाईस," म्हणली. मला हसू आलं. माझ्या लग्नात तर मीच अनवाणी होते. वैशाखाचं ऊन, मारुतीला पाया पडायला चालत न्हेलं. रस्त्यात माय माझ्या पायापुढं पोत्याची घडी टाकायची, मी त्या घडीवर उभी राहायचे, परत पुढं. चप्पल मला भेटली ती दुसऱ्या बाळंतपणानंतर. त्याच्या आधी कापूस येचला, उसाची खोडकी तुडवली, सगळं तसंच. पाय असे रुंद झाले की आता कोणतीबी चप्पल धड बसत न्हाई. ही बसली.

घरी आल्यावर पोरीनं काय कसर सोडली न्हाई. रोज हापिसातून आली की चपला घालून झाडलोट करायची. आधी मोजे घालून, मंग बिगर मोज्याच्या. कातडं नरम पडावं म्हणून. मोबाईलवर गाणं लावून नाचायची. तिची माय म्हणायची, "अगं, वरच्या पोपड्या पडतील भिंतीच्या." शालू नेसून बघितला तोबी चपला घालूनच, निऱ्या बराबर जमिनीला टेकतील अशा. पार्लरवालीला सांगून ठिवलं की मी ह्याच टाचेवर नेसणार. पायाला एक फोड आला न्हाई. मला वाटलं, चला, हिचं जमलं.

लग्नाच्या दिवशी मंगलाष्टका झाल्या. तवा तर पायात काहीच नसतं, पाटावर उभं राहायचं. मंगळसूत्र झालं. मंग आमच्यात सासू जोडवी घालती. इहीणबाई खाली बसल्या, नातीचा पाय मांडीवर घेतला, आन् अंगठ्याच्या शेजारच्या बोटात जाड चांदीची जोडवी घातली. एक पाय, मंग दुसरा. चांगली भारी होती. पाया पडून पोरगी उठली आन् चपला घालायला स्टेजच्या कठड्याजवळ गेली.

आन् पाय आत जाईना.

जोर लावून घातला. पट्टा लावला. तोंडावर काहीतरी उमटलं आन् गेलं. तवा माझ्या ध्यानात आलं. दुकानात आम्ही तिघं होतो. दुकानवाला गडीमाणूस. नात बिनलग्नाची. आन् मी. माझी जोडवी मालक गेले त्या दिवशी बायांनी साबण लावून काढली, त्याला किती वर्षं झाली. बोटावर नुसता वळ राह्यलाय. बोटाला त्याची सवयच राह्यली न्हाई, तर डोक्याला कशी राहील? जोडवी घालणारी बाई आमच्यात एकबी नव्हती. आठवडाभर पोरीनं मोकळ्या बोटानंच चालायची सवय केली.

स्टेजवर ते दोघं उभे राह्यले आन् पाव्हण्यांची रांग लागली. आहेर, फोटो, परत आहेर. मी समोर खुर्चीवर बसून नुसती तिच्या पायाकडं बघायची. टाच वर गेली की सगळा भार पंज्यावर येतो. तिथं चांदी दोन बोटांच्या मधी, आन् पुढून बंद. ती एक पाय हलकेच उचलायची, मंग दुसरा. तोंड मातर हसरं. उन्हात ओझं घेऊन उभं राह्यलेल्या बाईला मी वळखते. मी तेच तोंड घेऊन लई वर्षं काढली.

जेवणाची पंगत बसायली म्हणून रांग जरा थांबली. मी गुडघ्यावर हात ठिवत स्टेजवर गेले.

"खोलीत चल."

"आजी, फोटोवाला थांबलाय."

"थांबू दे त्याला. त्याचं बोट न्हाई चेमटत."

नवरीच्या खोलीत तिनं पलंगावर बसून पट्टा सोडला. बोटाची साल निघाल्ती. मेंदीवर रगत दिसत बी न्हाई लवकर, लालात लाल. आन् अजून जेवण राह्यल्तं, सप्तपदी राह्यल्ती, संध्याकाळी डीजेवर नाच राह्यल्ता.

ती म्हणली, "मी असं करते. जोडवी काढून पिशवीत ठिवते. रात्री परत घालते. कोणाला दिसतंय शालूखाली?"

मला माझं साबण लावलेलं बोट आठवलं. मी तिला सगळं काय सांगणार? एवढंच म्हणले, "जोडवी काढायची न्हाई. चप्पल काढ."

"न्हाई काढणार. त्यांच्यासंगं उभी राह्यल्यावर मी कशी दिसते तुला म्हाईत हाय का? त्या बाई तवा म्हणल्या..."

तेवढ्यात त्या बाईच दारात. नवरी कुठं गेली बघायला आल्त्या. म्हणल्या, "काय झालं?"

पोरीनं पाय शालूखाली ओढला. मी लपवलं न्हाई. म्हणले, "जोडवी रुतायली, इहीणबाई. चप्पल उंच हाय आन् पुढून बंद. मापाच्या येळेला बोट मोकळं होतं."

त्यांनी खाली बसून बोट बघितलं. चक् केलं तोंडानं. "अगं बया. आन् येवढी उंच कोणासाठी घातली?"

मंग नातच म्हणली, खाली बघून, "तुमची मांडणी उंच हाय ना."

इहीणबाईला आधी कळलंच न्हाई. कळलं तवा हसायला लागल्या, पोट धरून. म्हणल्या, "ते मी तुला बोलले होते? आगं माय, माझाच हात पुरत न्हाई तिथं! तुझ्या सासऱ्यानं स्वताच्या उंचीवर ठोकून ठिवली. बावीस वर्षं झाली, मी स्टूल घेऊन चढती. मला वाटलं, दुसरी तरी उंच येईल घरात, तर तूबी माझ्यासारखीच." मंग तिच्या डोक्यावर हात ठिवला. "स्टूल दोघीला पुरंल."

टोमणा होता का न्हाई, मला आजबी सांगता येत न्हाई. इहीणबाईचं बोलणंच तसं हाय, गोडात तिखट. पण पोरगी हसली, आन् हसता हसता रडली, आन् दुसरा पट्टा सोडला.

आता घालायचं काय? मी माझ्या चपला काढल्या. पुढून उघड्या, जोडव्याला जागाच जागा. जरा सैल झाल्या, मागचा पट्टा ओढून चिकटवला तर बसल्या. पण टाच गेली आन् शालू खाली लोळायला लागला. पार्लरवालीनं पिनांची रांगच लावल्ती. एकएक पिन काढली. इहीणबाईनी दार धरलं, मी निऱ्या वर ओढून चार बोटं कमरंला खोचल्या, परत पिना लावल्या. दोन पिना तर मलाच टोचल्या.

बाहेर आल्यावर ती नवऱ्याच्या खांद्याखालीच राह्यली. तो वाकून काहीतरी म्हणला, ती हसली. कोणी बुटकी म्हणलं असंल तर मला ऐकू आलं न्हाई, मला तसंबी कमीच येतं.

संध्याकाळी ती नाचली. दिरांनी, नणंदांनी मधी ओढली, इहीणबाईबी घुसल्या. लाईटात त्या माझ्या साध्या चपला दिसत होत्या, वरखाली, वरखाली. पाय लंगडत होता थोडा, पण थांबली न्हाई. मी बाजूला खुर्चीवर बसले होते, अनवाणी. पायाखालचं गवत गार लागत होतं. दिवसभराच्या थकव्यानं मला बसल्या बसल्या डोळा लागायला लागला.

पाठवणीच्या येळेला ती माझ्या पाया पडली आन् म्हणली, "आजी, चपला?"

मी म्हणले, "जा घालून."

ती मोत्यांची उंच जोडी सुनेनं पिशवीत घालून घरी आणली. पहिल्यांदा माहेरी आली तवा नातीनं ती बघितली, बोट आत घालून बघितलं, परत ठिवून दिली. बोटाची खपली वाळल्ती. म्हणली, "आजी, मांडणी खरंच लई उंच हाय."

"मंग?"

"मंग काय. आधी त्या चढतात, मंग मी."

माझ्या चपला तिच्याच पायात होत्या. तिनं दिल्या न्हाईत. मी मागितल्या न्हाईत.