मालिकेतले तात्या, गिरणीतले आप्पा

फोन आला तेव्हा धायरीतल्या आमच्या एडिटिंगच्या खोलीत मी गुलाबआप्पांचाच एक प्रसंग कापत बसले होते. पडद्यावर ते नातीच्या स्कूटीवर मागे बसून, दोन्ही हातांनी धोतर सांभाळत ओरडत होते. फोनवर त्यांचा मुलगा सतीश होता. "ताई, आप्पा गेले. सकाळी गिरणी उघडायला म्हणून निघाले आणि दारातच बसले... दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही." मी त्याच्याशी काहीतरी बोलले असेन. फोन ठेवून पाहिलं तर स्कूटी तशीच थांबलेली आणि आप्पांचं तोंड उघडं. पुढचं बटण दाबायचा धीर झाला नाही.

'वरची आळी' ही आमची वेबमालिका ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आप्पा 'तात्या' म्हणूनच माहीत आहेत. मी त्याआधी काही वर्षं टीव्हीच्या मालिका एडिट करायची. त्या घरांमध्ये बायका झोपतानाही हार काढत नसत आणि कुणी दार उघडलं की तीन बाजूंनी तीनदा दाखवावं लागे. कंटाळून आम्ही चार मित्रांनी ठरवलं, की जिथे भाजी निवडता निवडता माणसं बोलतात अशा एका आळीची गोष्ट करायची आणि आपल्याच यूट्यूब चॅनेलवर टाकायची. लोणी काळभोरच्या पुढे एक गाव मिळालं, ग्रामपंचायतीने परवानगीही दिली. पहिल्याच दिवशी मात्र प्रत्येक संवादामागे पिठाच्या गिरणीचा आवाज येऊ लागला. गिरणी थांबवता का, हे विचारायला मी गेले, तर पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांखालून आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "थांबवतो की. या बाया दळणासाठी उभ्या हायेत, त्यास्नी तेवढं तुमीच सांगा." बायकांनी मला विचारलं, "शूटिंग बघायला मिळंल का?" मिळेल म्हटल्यावर डबे तिथेच ठेवून सगळ्या निघाल्या. मग आप्पाही आले.

आजोबांचं काम करणारे पुण्याचे नट त्या दिवशी आलेच नाहीत. दुपारपर्यंत वाट पाहून मी आप्पांना विचारलं. खोटं कशाला सांगू, नट म्हणून ते फार अवघड होते. वाक्य पाठ होत नसे. पाठ झालं की शाळेत कविता म्हणावी तसं म्हणत. एका शॉटमध्ये टोपी डोक्यावर, दुसऱ्यात गुडघ्यावर. एकच प्रसंग आम्ही तुकड्या-तुकड्याने, वेगवेगळ्या बाजूंनी पुन्हा पुन्हा घेतो, त्यामुळे हात, टोपी, कपातला चहा सगळं जिथल्या तिथे लागतं. आप्पा दर वेळी चहा पिऊन टाकत. शेवटी मी त्यांच्या हातातला कागद काढून घेतला आणि सांगितलं, "आप्पा, नातीला कॉलेजच्या सहलीला जायचंय. तुम्हाला पाठवायचंय, पण लगेच हो म्हणायचं नाही. बोला काय बोलायचं ते." आप्पांनी त्या मुलीकडे पाहिलं आणि विचारलं, "तितं जेवायला काय देत्यात?" कॅमेऱ्यामागे आम्ही हसू दाबत उभे होतो. तेव्हापासून आप्पांना संवाद दिला नाही, फक्त तात्याच्या मनात काय आहे ते सांगायचं. दोन कॅमेरे एकदम लावायचे, म्हणजे तेच वाक्य पुन्हा मागायला नको.

भाग येऊ लागले तसे नागपूरकडून पुण्याला नोकरीसाठी आलेले, परदेशात गेलेले, वसतिगृहात राहणारे लोक लिहू लागले. आमचे आजोबा असेच होते, असं. टोपीच्या चुकाही कळवत. सुमनकाकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, प्रत्येक भाग बघून एकच अभिप्राय देत : "घरात कधी एवढं गोड बोलल्याचं आठवत न्हाय."

मग एका मोठ्या कंपनीने मालिका मागितली. बैठकीत त्यांच्या माणसांनी फार आपुलकीने सांगितलं, की वातावरण छान आहे, फक्त तिसऱ्या भागात एक खून हवा आणि तात्यांच्या जागी ओळखीचा चेहरा. मी परत येऊन आप्पांना सांगितलं. वाटलं, दुखावतील. त्यांनी गिरणीचा पट्टा घट्ट करता करता विचारलं, "खून कुणाचा?" ते ठरलं नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग माझाच करा. चेहरा बदलायचं कामच ऱ्हानार न्हाय." आम्ही सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून शूटिंग करणारे, मोह पडलाच होता. पण त्या उत्तरानंतर कुणालाच त्या बैठकीला पुन्हा जावंसं वाटलं नाही.

आप्पा गेले तेव्हा नातीच्या लग्नाची गोष्ट अर्धी झाली होती. तात्याचं काय करायचं? दुसरा नट आणायचा, मुलीकडे पुण्याला पाठवायचं, की मालिकेतही त्यांना जाऊ द्यायचं? आमच्यात वाद झाले. एकाने तर जुन्या तुकड्यांतून त्यांना फोनवर बोलताना दाखवायचं सुचवलं. शेवटी आम्ही काकूंकडे गेलो. तेरावा होऊन गेला होता आणि गिरणी सुरू होती. काकू स्वतः दळत होत्या. मी चाचरत विचारलं. त्यांनी आधी हातातलं दळण डब्यात भरलं.

"गेले म्हणून दावा," त्या म्हणाल्या. "पर छाती बडवू नका कुणी. तसं काय झालंच न्हाय आमच्यात." मग एकदम हसू लागल्या. "ती काळी कालवड हाय ना, ती ह्यांनी तिघांना देतो म्हणून सांगितलेली. दहाव्याला तिघंबी आले. एकमेकांच्या तोंडाकडं बघत्यात, बोलावं कुणी! मलाच हसू आलं... त्या दिवशी, तसल्यात." हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आम्ही तिथेच उभे राहिलो. गिरणीचा आवाज चालू होता म्हणून बरं.

तोच भाग आम्ही केला, त्यांना विचारून. तात्या गेल्यावर आळीतली माणसं भेटायला येतात आणि प्रत्येकाला तात्याने काही ना काही कबूल केलेलं असतं. कुणाला गुलाबाची फांदी, कुणाला लग्नात पुढची खुर्ची आणि तिघांना एकच कालवड. अंगणात भांडण जुंपतं आणि भांडता भांडता सगळे रडवेले होतात. कालवड काकूंचीच होती, तिने कॅमेऱ्यापुढे दोरीही चावली. भाग आला त्या संध्याकाळी काकूंनी गिरणी बंद ठेवून दळणाला आलेल्या बायकांबरोबर सतीशच्या मोबाइलवर तो पाहिला. दुसऱ्या दिवशी मला फोन केला. "चांगला हाय. हे असते तर म्हणले असते, मला घ्यायला पायजे हुतं."

आता लग्नाचे भाग चालले आहेत. त्या अंगणाशेजारी इमारतीचं काम निघालंय, आवाज सतत असतो. संवाद आम्ही नंतर स्टुडिओत घेतो, पण त्यांच्याखाली अंगणाची शांतता लागते, नाहीतर बोलणं पोकळीतून आल्यासारखं वाटतं. म्हणून आमचा ध्वनिमुद्रक सलीम प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभं करून नुसती शांतता टिपून ठेवतो. परवा त्याने जुन्या फायली उघडल्या. प्रत्येकीत पाखरं, लांबची मोटार आणि थोड्याच वेळात आप्पांची कुजबुज : "झालं का?" त्यांना गप्प राहणं कधी जमलंच नाही. सलीम तेव्हा चिडायचा.

"एकही फाईल पूर्ण नाही," तो म्हणाला. "आप्पा बोलायच्या आधी जेवढी मिळते, तेवढीच पुन्हा पुन्हा जोडतो."

त्याने जोडली. लग्नघरातली माणसं बोलू लागली. त्यांच्या बोलण्याखाली आता ते अंगण आहे, आणि अंगणात ओठ मिटून, कसेबसे गप्प उभे राहिलेले आप्पा.