मामाच्या मांडीवरून

वरोऱ्याच्या फोटो स्टुडिओत मी यादी घेऊनच गेले होते. आई, बाबा, मी, आमचे हे, धाकटी बहीण, तिचा नवरा, भाऊ आणि माझा मुलगा. आठ माणसे, आठ सुटी चित्रे. मागे शेतातले मोहाचे झाड, मध्ये मोठा करून भाऊ आणि भोवती आम्ही सगळे. भावाचे चित्र वेगळेही छापायचे होते. त्याचे वर्षश्राद्ध जवळ आले होते आणि हार घालायला आईकडे त्याचा एकट्याचा फोटो नव्हता.

तो सिरोंच्याकडे नोकरीला होता. पावसाळ्यात ताप आला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला. मोठेपणीचा त्याचा धड फोटो एवढाच, तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या जावळाच्या दिवशी अंगणात काढलेला, सगळ्यांसोबतचा. ओळखपत्रावरच्या फोटोबद्दल आई म्हणाली होती, "तो तं शाळंतला पोट्टा हाय. माह्या पोराचा आण."

संगणकावर स्टुडिओवाल्या चाचांची मुलगी बसायची. तिने फोटो स्कॅन केला आणि माणसाच्या कडेकडेने ठिपके टाकत एकेकाला वेगळे काढायला लागली. मागचे अंगण पुसले की तिथे करडे-पांढरे चौकोन दिसायचे.

"हे चौकोन छापून येतील का?"

"नाई ताई. चौकोन म्हंजे तिथं काईच नाई. आता याच्या मागं मोह ठेवा नाईतर ताजमहाल." प्रत्येक चित्र ती पीएनजी करून ठेवत होती. साध्या फोटोसारखे ठेवले तर मागे पांढरा डबा येतो, म्हणाली.

आईच्या विस्कटलेल्या केसांनी तिचा बराच वेळ खाल्ला. बहिणीच्या नवऱ्यापाशी आल्यावर तिने विचारले, "जावईबापूचं पोट थोडं आत घेऊ का? फुकटात करून देतो." बाबांची टोपी सरळ निघाली. मी यादीवर खुणा करत गेले.

मग माझा मुलगा. "याचं डोकं सगळ्यात सोपं," ती हसली. "केसच नाई." नुकतेच जावळ काढलेले, मामाच्या मांडीवर बसूनच. तो त्याच मांडीवर फोटोतही बसला होता. त्याला तिने उचलून बाजूला ठेवले तेव्हा त्याच्या पोटावर एक मोठा हात तसाच राहिला होता. आणि तिकडे भावाच्या छातीत, शर्टाच्या पट्ट्यांमध्ये, बसलेल्या पोराच्या आकाराचे ते करडे-पांढरे चौकोन.

ती हसायची थांबली.

"ताई, पोराच्या मागचं फोटोत आलंच नाई. मले बनवा लागते."

"बनव," मी म्हणाले.

दोन दिवसांनी गेले तर काम झाले होते. खांद्यावरच्या पट्ट्या घेऊन तिने छाती भरली होती. मुलाच्या पोटावरचा हात काढून भावाला लावला होता. जोड कुठे दिसत नव्हता. मी नमुना छापून घेतला, मोगऱ्याचा हार घेतला आणि बसने आईकडे गेले.

आईने फोटो उजेडाला धरला. फार वेळ धरला.

"हा असा काऊन बसला?"

"कसा?"

"हात असा धरून. कोनाची वाट पाहून राह्यला?"

मी पाहिले. त्याचा हात छातीसमोर वाकलेला होता, बोटे पसरलेली. कोणाला तरी पडू नये म्हणून धरलेला हात, आणि त्यात कोणी नव्हते. ते मला स्टुडिओत दिसले नव्हते.

"पोरगा त्याच्यापाशीच राहू दे," आई म्हणाली.

"अगं, मग हार कसा घालायचा?" जिवंत पोर ज्या फोटोत आहे त्याला आमच्याकडे कोणी हार घालत नाही. माझेच पोर ते. मलाही चालले नसते.

"नाई घालत," ती म्हणाली. "हार नाई, काई नाई. पन पोरगा काढू नोको त्याच्या हातातून."

तो मोगऱ्याचा हार तिने तुळशीला घातला.

मी परत वरोऱ्याला गेले. मूळ फोटो उघडून चाचांच्या मुलीने मामा-भाच्याभोवती बाहेरून एकच रेघ फिरवली आणि दोघांना मिळून एक चित्र केले; भावाच्या एकट्याऐवजी तेच वेगळेही छापले. यादीतले शेवटचे दोन आकडे मी कंसात जोडले. आठ माणसे, सात चित्रे. मोहाखाली आम्ही सहा जण सुटे सुटे उभे राहिलो, कोणाच्याही अंगाला अंग न लावता. ते दोघे तेवढे एकत्र बसलेले.

वर्षश्राद्धाला आईने फुले ताटलीत घालून खाली जमिनीवर ठेवली, भिंतीपासून चांगली हातभर लांब. माझा मुलगा तेव्हा शाळेत जायला लागला होता. त्या दोघांच्या फ्रेमखाली उभा राहून त्याने विचारले, "मले कोनी धरलं हाये?" आईने त्याला सांगितले. त्याला मामा आठवत नव्हता.

हारासाठी म्हणून फ्रेमच्या वर मी आधीच दोन खिळे ठोकून घेतले होते. ते अजून तिथेच आहेत. रिकामे.