तीनास एक, किंवा तेरास तीन

ती आता शिकायला लांबच्या शहरात गेली आहे आणि मी इथेच, सिंदेवाहीजवळच्या धान संशोधन केंद्रात, तिच्या बियाण्याच्या ओळी सांभाळत बसलो आहे. क्वार्टरमध्ये मी एकटाच असतो. बायको आणि मुलगी मुलीच्या शाळेसाठी नागपूरला राहतात. दिवसभर मजुरांशी बोलणं होतं. संध्याकाळी पाचनंतर घशातून आवाज काढायला कारणच उरत नाही.

ती माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. घर भामरागडच्या पलीकडे. पावसाळ्यात रस्ता तुटला की महिना-महिना तिला घरचा आवाज ऐकू यायचा नाही. घरी गोंडी, मराठी आश्रमशाळेत शिकलेली, आणि प्रबंध इंग्रजीत. म्हणून आम्ही प्रत्येक महत्त्वाचं वाक्य आधी मराठीत बोलून घ्यायचो, आणि ते पक्कं झालं की मगच ती टाइप करायची.

विषय गादमाशीचा होता. ही माशी धानाच्या कोंबात शिरली की त्या फुटव्याला लोंबी येत नाही, कांद्याच्या पातीसारखा चंदेरी पोंगा निघतो; त्याच झाडाच्या बाकीच्या फुटव्यांना मात्र दाणा भरू शकतो. काही वाणांना ती लागत नाही. तिने असा एक निरोधक वाण आणि एक हमखास गादणारा, म्हणजे माशीला बळी पडणारा, वाण यांचा संकर केला. पहिल्या पिढीतली सगळी झाडं निरोधक निघाली. दुसऱ्या पिढीत गुण वेगळे होतात. तिथे तीन निरोधक झाडांमागे एक गादलेलं, असं प्रमाण मिळालं तर निरोधकता एकाच प्रभावी जनुकामुळे आहे असं मानायला जागा होते. शेजारच्या ओळींतला गादणारा वाण त्या हंगामात झाडून सगळा गादला होता, म्हणजे माशी भरपूर होती आणि जे झाड वाचलं ते नशिबाने वाचलं असं म्हणायची सोय नव्हती. फक्त प्लॉटचा एक कोपरा रानडुकरांनी लोळून संपवला. हाती शहाण्णव झाडं राहिली. पंच्याहत्तर निरोधक, एकवीस गादलेली.

तीनास एक धरलं तर बहात्तर आणि चोवीस हवी होती. दोन्हीकडे तीनाचा फरक. फरकाचा वर्ग करून अपेक्षित संख्येने भागायचं आणि बेरीज करायची, ही काय-स्क्वेअरची रीत. बेरीज आली ०.५०. ती ३.८४च्या पुढे गेली असती तर प्रमाण जुळत नाही असं म्हटलं असतं. ती तर कुठच्या कुठे खाली होती.

"सर, बसलं!" ती दारातूनच म्हणाली होती. त्या दिवशी तिने सगळ्या मजूर बायांना भजी खाऊ घातली.

निष्कर्षाचं तिचं पहिलं वाक्य होतं, "हा गुण एकाच प्रभावी जनुकाच्या ताब्यात असल्याचे सिद्ध झाले." मी 'सिद्ध झाले' खोडलं.

"काऊन सर? बसलं ना प्रमाण."

"बसलं म्हणजे विरोधात पुरावा मिळाला नाही, एवढंच. चोर घरात सापडला नाही म्हणजे गावात चोरच नाही असं होतं का?"

"मग टक्के टाकू? पी व्हॅल्यू अठ्ठेचाळीस टक्के आहे. एक जनुक असायची शक्यता अठ्ठेचाळीस टक्के."

"तेही नाही. प्रमाण खरंच तीनास एक असेल, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात अठ्ठेचाळीस वेळा पडेल, असा त्याचा अर्थ. प्रमाण खरं आहे की नाही, हे तो आकडा सांगत नाही."

ती हसली. "सर, तुम्ही वकील व्हाले पाहिजे होते."

शेवटी वाक्य ठरलं: "निरीक्षणे ३:१ या प्रमाणाशी सुसंगत आहेत, एक प्रभावी जनुक असल्याचे यावरून सूचित होते." मला ते चांगलं वाटलं. सावध आणि नेटकं. आमच्या धंद्यात एक सवय आहे. मनातलं प्रमाण जुळलं की माणूस पेन खाली ठेवतो. दुसरं कोणतं जुळतं का, हे बघायला परत उचलत नाही. मीही ठेवला.

प्रबंध द्यायला दोन आठवडे होते. बाहेरच्या एका विद्यापीठात तिला पीएच.डी.ची जागा मिळाली होती. त्यासाठी उन्हाळा संपायच्या आत पदवी हातात हवी होती, नाहीतर जागा पुढच्याला जाणार. त्या दिवसांत एका रविवारी दुपारी मी ऑफिसात बसलो होतो. नागपूरला जायचं ठरलं होतं, पण गेलो नाही. का नाही गेलो, तेही घरी नीट सांगितलं नव्हतं. "बघतो, जमलं तर," एवढंच म्हणालो होतो. वेळ जाईना म्हणून तिचे आकडे पुढे ओढले आणि पुस्तकातलं एकेक प्रमाण लावून बघत गेलो. नवास सात जुळलं नाही. पंधरास एक जुळलं नाही. तेरास तीन लावलं. अठ्ठ्याहत्तर आणि अठरा हवी होती. फरक पुन्हा तीनाचाच. बेरीज ०.६२.

म्हणजे तेही बसत होतं.

तेरास तीन म्हणजे एक नाही, दोन जनुकं. एक प्रभावी, दुसरं अप्रभावी, आणि दोहोंपैकी कोणतंही एक झाडाला वाचवू शकतं. हे असं असेल तर पुढचं प्रजननाचं सगळं काम वेगळ्या वाटेने जातं. आणि आमची शहाण्णव झाडं या दोन गोष्टींत फरकच करू शकत नव्हती. त्याला याच्या तिप्पट-चौपट झाडं हवी होती, किंवा मग पुढची पिढी लावून बघायला हवी होती. गादमाशी पावसाळ्यातच येते. म्हणजे आणखी एक खरीप.

गप्प बसावं असं मला वाटलं. हे मी लपवत नाही. वाक्य सुसंगत होतं, खोटं नव्हतं. पोरीची जागा वाचत होती. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, तेही धैर्य होतं म्हणून नाही. परीक्षक जुना माणूस आहे, तो कागदावर बोट ठेवेल आणि मी उघडा पडेन, या भीतीने सांगितलं.

तिने त्या दोन्ही बेरजा स्वतः पुन्हा करून बघितल्या.

"गादलेल्या झाडांचं बी असतं, तर?"

"तर पुढच्या खरिपात त्यांच्या ओळी लावल्या असत्या. एकच जनुक असेल तर गादलेल्याची पिल्लं सगळी गादतात. दोन असतील तर त्यातल्या बऱ्याच ओळींत मधूनच निरोधक झाड निघतं. लगेच कळलं असतं."

"ते तर आपण उपटून फेकलं." मग म्हणाली, "आमच्याकडे पेरणीच्या आधी पंडुम असते, देवापुढे बी नेतेत. चांगलंच नेतेत. गादलेल्या धानाचं बी कोण ठेवते, सर?"

कोणीच ठेवत नाही. वीस वर्षं मीही चांगल्याचंच ठेवत आलो होतो.

"तुम्ही सहा महिन्यांआधी काऊन नाही पाह्यलं?"

ती उठली, बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन आली. मी म्हणालो, तुला हवं तर जुनं वाक्य राहू दे, मी सही करतो. आता हे आठवलं की लाज वाटते. तिच्या डोक्यावर ओझं ठेवून मी मोकळा झालो होतो.

"नाही सर," ती म्हणाली. "आता मले माहीत झालं ना."

तिने पूर्ण परिच्छेद नव्याने लिहिला. प्रबंधाच्या नावात 'एकजनुकीय' होतं, तेही काढलं.

तोंडी परीक्षेत मार्गदर्शकाने बोलायचं नसतं. मी खिडकीजवळ बसलो होतो. परीक्षकांनी पानं उलटली, चष्मा वर केला.

"काय हो बाई, दोन वर्षं चिखलात काढली आणि लिहिता काय, तर सांगता येत नाही?"

"असं नाही लिहिलं, सर." तिचा आवाज आधी चिरकला, मग सरळ झाला. "तीनास एक नाही, असं म्हणायला आधार नाही. तेरास तीन नाही, असं म्हणायलाही नाही. नवास सात आणि पंधरास एक मात्र नाही, हे म्हणता येते. एवढी झाडं त्या दोघांत फरक कराले कमी पडतेत. ते कसं करायचं, हे पुढच्या पानावर आहे."

"तेरास तीन तपासायचं कोणाच्या डोक्यात आलं?"

"सरांच्या. मी तर बसलं म्हणून भजी वाटून मोकळी झाली होती."

परीक्षक हसले आणि माझ्याकडे वळले. "आणि तुमच्या डोक्यात केव्हा आलं? बायंडिंगच्या आदल्या दिवशी?"

खोलीतले सगळे हसले. तीही हसली. मीही हसलो, आणि कान तापल्याचं कोणाला दिसू नये म्हणून खिडकीबाहेर बघत राहिलो. परीक्षकांनी पुढचं पान वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि सही केली. तिची जागा टिकली.

जाताना ती निरोधक झाडांच्या बियांची पाकिटं माझ्या टेबलावर ठेवून गेली. एका झाडाच्या पाकिटाची एक ओळ लावली की त्यावरूनही कळू शकतं. एकच जनुक असेल तर त्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा ओळी पूर्ण निरोधक राहतील, दोन असतील तर निम्म्याहून थोड्या जास्त. गादलेल्यांइतकं लख्ख नाही, पण कळेल.

मी त्या ओळी लावल्या आहेत. यंदा डुकरांसाठी तारही मारली. मोजणी भाद्रपदात, त्यामुळे गौरी-गणपतीला मी घरी नसणार. मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, येणार की नाही, एक सांगा." मी नेहमीचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग म्हणालो, "नाही येणार." तिने आईला फोन दिला नाही. तिनेच ठेवला.

परवा त्या पोरीचाही फोन आला. तिकडचं वसतिगृह बरं आहे, भात मात्र खायच्या लायकीचा नाही. मग म्हणाली, "सर, काय दिसून राह्यलं?"

"पोंगे आताशी निघायला लागलेत. अजून काहीच म्हणता येत नाही."

"म्हणू पण नका," ती म्हणाली. "सगळं मोजून झालं की सांगा. कोणतंही निघो."

फोन ठेवला आणि मी बांधावर गेलो. ऊन उतरलं होतं, मजूर बाया निघून गेल्या होत्या. पहिल्या ओळीत चंदेरी पोंगा नव्हता. दुसऱ्या ओळीत तिसऱ्याच झाडाला होता. त्या झाडाला मी लाल दोरा बांधला. त्याचंही बी ठेवायचं आहे.