मागच्या भिंतीचे नऊ इंच

मला आमच्या इंजिनिअरने फसवलं. शिवाजी पेठेतल्या माझ्या भांड्यांच्या दुकानाची मागची भिंत काढून तिथे लोखंडी तुळई टाकायची होती. त्यासाठी आधी आहे त्या जागेची मापं घेऊन नकाशा काढायचा होता. त्याने तीन दिवस मागितले. मी घासाघीस करून ते काम एका दिवसावर आणलं, आणि तो "चालतंय की" म्हणाला.

नकाशा देखणा होता. खोली चौकोनी, पुढे अठरा फूट, मागेही अठरा फूट. त्यावरून तुळई कापून आली, भिंतीला टेकू लावले, आणि तुळई नऊ इंच आखूड निघाली.

"पावणं, तुमची बाजूची भिंतच तिरकी हाय," तो म्हणाला.

"तिरकी हाय, तर नकाशात सरळ कशी झाली?"

मी टेप घेतला आणि खोलीचे दोन्ही कर्ण, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरपी मापं, मापले; खोली काटकोनात असेल तर ती सारखी यायला हवीत. जवळजवळ पाच इंचांचा फरक आला. मग मला कळलं. मापं घेतली त्या दिवशी मागच्या भिंतीला घागरींचे रॅक होते. ते हलवायला न सांगता त्याने पुढचंच माप मागे लिहिलं होतं. कर्ण मापले असते तर तिथेच चूक दिसली असती.

"एका दिवसात एवढंच हुतंय," तो म्हणाला.

दिवस मी कमी केले, हे खरं. पण न घेतलेलं माप घेतल्यासारखं लिही, असं मी म्हटलं नव्हतं. भिंत अजून टेकूवर उभी आहे. नकाशाखाली सही त्याची आहे, तेव्हा त्यानेच येऊन जाब द्यावा.