न विकलेल्या चटयांचा नफा

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या एका कारखान्यात मी कॉस्टिंग क्लार्क, म्हणजे मालाचा उत्पादनखर्च काढणारा कारकून म्हणून लागलो, तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमच्या धुळ्याकडच्या गावी, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्षभराची उमेदवारी आणि मग कायम, असं ठरलं होतं. संध्याकाळी मी कॉस्टिंगच्या परीक्षेच्या क्लासला जायचो आणि तिथं शिकलेलं दुसऱ्या दिवशी कारखान्यात शोधायचो.

त्या वर्षी शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आम्ही लाख चटया विणल्या आणि ऐंशी हजार विकल्या. उरलेल्या वीस हजार गोडाऊनमध्ये छतापर्यंत रचून ठेवल्या होत्या. गोडाऊन सांभाळणारे आबा माझ्याच भागातले. ते म्हणायचे, "पाय ठेवाले जागा नही शे, भाऊ. आते चटया मना डोकावर ठेवतीन का?"

तरीही मॅनेजरसाहेब मशीनं थांबवत नव्हते. याचं कारण त्यांच्या कमिशनमध्ये होतं. वर्षाचा नफा तीन लाखांच्या वर जेवढा जाईल, त्याचा दहावा हिस्सा त्यांचा, असा कारखान्याच्या मालकांचा, शेठजींचा शब्द होता.

आमचा हिशोब पूर्ण खर्चाचा, म्हणजे अ‍ॅब्सॉर्प्शन पद्धतीचा. चटई पन्नास रुपयांना विकली जायची. प्लास्टिकचा दाणा, वीज आणि विणकराची मजुरी मिळून तीस रुपये लागायचे. शिवाय शेडचं भाडं, फोरमनचा पगार, मशीनची झीज असा वर्षाचा बारा लाखांचा ठरलेला खर्च होता. मशीन चालो की बंद राहो, तो व्हायचाच. लाख चटया विणल्या की तो प्रत्येकीवर बारा रुपये बसायचा. जी चटई विकली गेली तिचे बारा रुपये त्या वर्षीच्या खर्चात पडायचे. जी पडून राहिली ती आपले बारा रुपये अंगावर घेऊन शिल्लक मालात जाऊन बसायची. वीस हजार चटयांनी असा दोन लाख चाळीस हजारांचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलला, आणि नफा दिसला सहा लाख चाळीस हजार.

मार्जिनल पद्धतीनं मी वेगळा कागद केला. विकलेल्या प्रत्येक चटईमागे वीस रुपये सुटतात, म्हणजे ऐंशी हजारांचे सोळा लाख. त्यातून बारा लाखांचा ठरलेला खर्च त्याच वर्षी पूर्ण वजा केला. उरले चार लाख. लाख विणा की ऐंशी हजार, विक्री तेवढीच असेल तर चार लाखच.

ताळेबंदासाठी पूर्ण खर्चाची पद्धत चुकीची नव्हती, हे मला माहीत होतं. मला एवढंच सांगायचं होतं, की जास्तीचा नफा विक्रीतून आलेला नाही. शेठजी मूळचे राजस्थानातले, उभा जन्म व्यापारात गेलेला. त्यांना हे लगेच कळेल असं वाटलं.

वर्षअखेरच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो. घाबरलो की मी घरची अहिराणी बोलतो, 'आहे'च्या जागी 'शे' येतं. तोंडातून निघालं, "शेठजी, विक्रीतला नफा चारच लाख शे."

मॅनेजरसाहेब खुर्चीत मागे रेलून हसले. "शे! शेठजी, हे आपले कॉस्टिंगवाले. आधी मराठी येऊ दे रे बाबा, मग नफा काढ."

सगळे हसले. शेठजीही हसले.

"क्लासमधली गणितं क्लासमध्ये ठेवायची," साहेबांनी माझा कागद फाडला आणि चहाच्या रिकाम्या कपात घातला. "या कारखान्यात पूर्ण खर्चाचीच पद्धत चालणार. शेठजी, तसं लिहूनच ठेवा."

शेठजींनी मीटिंगच्या नोंदीत तसं लिहून घेतलं, सगळ्यांच्या सह्या झाल्या. साहेबांना चौतीस हजार कमिशन मिळालं. माझी उमेदवारी मात्र आणखी एका वर्षानं वाढवली. शेरा होता, "अजून तयारी नाही."

त्या वर्षभर मी माझ्या कामात एकही चूक होऊ दिली नाही. चांगुलपणानं नव्हे. साहेब माझ्या टेबलाजवळून जाताना "काय, शे का?" असं विचारायचे, आणि मी मान खाली घालून आकडे लिहायचो. पुढं काय होणार, ते मला त्याच आकड्यांत दिसत होतं. मी ते कुणालाच सांगितलं नाही. विचारलंही कुणी नाही.

शेठजींचा पैसा त्या वीस हजार चटयांत अडकला होता आणि बँकेचं व्याज चालू होतं. एकदा ते गोडाऊनमध्ये आले, रचलेल्या थप्प्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आधी हे विका. तोवर एकच पाळी." वर्षभरात साठ हजारच चटया विणल्या गेल्या. विकल्या ऐंशी हजार, मागच्या वर्षीएवढ्याच. गोडाऊन रिकामं झालं.

वर्ष संपल्यावर साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. स्टूल ओढून बसले.

"अरे, नफा एक लाख साठ हजारच कसा? विक्री तर तेवढीच आहे!"

"या वर्षीचे बारा लाख आहेत, साहेब. आणि मागच्या वर्षी चटयांबरोबर गोडाऊनमध्ये गेलेले दोन लाख चाळीस हजार. माल विकला गेला, ते या वर्षीच्या खर्चात आले."

त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "तुझी ती दुसरी पद्धत होती ना? तिच्यात किती येतो?"

"चार लाख."

"मग तोच कागद कर, बेटा. हुशार आहेस तू. मी शेठजींना सांगतो, आता नवीन पद्धत घेऊ."

पहिल्यांदाच मी त्यांचा बेटा झालो होतो. मी "हो साहेब" म्हणालो आणि कागद केला. फक्त दोन्ही वर्षांचा केला, शेजारी शेजारी. पूर्ण खर्चानं सहा लाख चाळीस आणि एक लाख साठ. मार्जिनलनं चार आणि चार. दोन्हीकडे बेरीज आठच लाख. खाली मीटिंगची ती नोंद जोडली, साहेबांच्या सहीसकट.

शेठजींनी कागद दोनदा वाचला.

"म्हणजे कसं," ते साहेबांना म्हणाले, "नवीन पद्धत घेऊ. पण मग मागच्या वर्षीही तीच लागेल. दोन वर्षांचे दहा-दहा हजार तुमचे. चौतीस घेतलेत, चौदा परत करा. नाहीतर जुनी पद्धत राहू द्या, या वर्षी कमिशन काही नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मागचं वर्ष सोडून... काही मार्ग असेल ना?"

"नही शे," मी म्हणालो. मुद्दाम, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

कुणीही हसलं नाही.

"जुनीच राहू द्या," साहेब म्हणाले.

शेठजींनी माझी फाइल मागवली. "या पोराला कायम का नाही केलं अजून? आत्ता करा." पत्र टाइप होऊन आलं. सही मॅनेजरची लागत होती. साहेब खिसे चाचपायला लागले. त्यांचं पेन केबिनमध्ये राहिलं होतं.

माझ्या खिशात पेन होतं, त्यांना दिसत होतं. मी ते काढलं नाही. ते उठले, केबिनपर्यंत गेले, पेन घेऊन परत आले आणि उभ्यानंच त्यांनी सही केली. तोवर मी त्यांच्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसलो होतो, आणि उठलो नाही.